संत्रा आवक व पट्टी: यूज केस आणि प्रोसेस फ्लो (मसुदा २)

ठिकाण: कळमना मार्केट, नागपूर, आडतीचे एक दुकान
आधार: तीन सकाळी काट्याजवळ उभे राहून पाहिलेले काम, मुनीमजींची कच्ची वही, मालकांशी बोलणे

आजचा फ्लो

```
गाडी आली → ढीग उतरला → लिलाव → काटा → कच्ची चिठ्ठी
   ↓
एकच खरेदीदार? — हो → वहीत नोंद → पट्टी
   ↓ नाही
उरलेला माल → दुसरा भाव → दुसरी चिठ्ठी → (?) → पट्टी
```

प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवले आहे. दुसरी चिठ्ठी कुणाच्या हातात जाते, याची तीन माणसांनी तीन उत्तरे दिली. हमालाच्या खिशात राहिलेली एक चिठ्ठी मी स्वतः पाहिली. मालकांनी पहिल्या बैठकीत "फक्त बिल छापून द्या" सांगितले होते, पण खरी अडचण छपाईच्या दोन पायऱ्या आधी आहे.

लिलाव सिस्टिमबाहेरच राहील. तो तोंडीच चालतो, आणि चांगला चालतो.

कोण वापरणार

काटेवाला, मुनीमजी, मालक. शेतकरी इथे अ‍ॅक्टर नाही: तो सिस्टिमला हात लावत नाही, त्याला पट्टी मिळते. (काटोलहून आलेल्या एका काकांनी "मोबाईलवर येईल का?" विचारले. पुढच्या टप्प्यात बघू.)

यूज केस १: आवक नोंदवणे

गाडी नंबर, शेतकऱ्याचे नाव, गाव, बहार. मुनीमजी नोंदवतात, सिस्टिम लॉट नंबर देते.

यूज केस २: लॉटची विक्री नोंदवणे

अ‍ॅक्टर: काटेवाला
आधी हवे: लॉट नंबर
मुख्य वाट: लॉट निवडतो, खरेदीदार, वजन आणि पुकारलेला भाव टाकतो. भाव टनाचा, वजन किलोत. हिशेब सिस्टिमने करायचा.
वेगळी वाट: माल उरला तर लॉट "अर्धवट" राहतो. उरलेल्याची विक्री त्याच लॉटखाली, नव्या भावाने. सगळा माल संपेपर्यंत पट्टी निघणार नाही.
बिघाड: नेट गेले तर नोंद फोनमध्येच राहावी. पहाटेच्या गर्दीत कुणी थांबणार नाही.

यूज केस ३: पट्टी काढणे

मुनीमजींसोबत तपासलेले उदाहरण: लॉट १,८४० किलो.

१,२०० किलो, २६,००० टनाने: ३१,२००
६४० किलो, २१,००० टनाने: १३,४४०
एकूण ४४,६४०
वजा हमाली ४६०, गाडीभाड्याची उचल ३,०००
शेतकऱ्याला ४१,१८० रुपये

नियम: आडत खरेदीदाराच्या बिलात लागेल, शेतकऱ्याच्या पट्टीत तो रकानाच नको. छापलेली पट्टी मुनीमजींना बदलता येणार नाही. दुरुस्ती मालकांच्या मंजुरीने, जुनी पट्टी जपून.

मालकांकडून हवे

१. दोन दिवस पडून वजन घटले, तर घट कुणाच्या माथी?
२. उचल एका पट्टीत फिटली नाही तर पुढच्या गाडीवर न्यायची का?

पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत यूज केस २ कच्चा समजावा.