विषय: पैसे भरून घेतलेली झिप डाउनलोड होतच नाहीये, दर वेळी तासाभराने 403 (ऑर्डर PB-40817)

नमस्कार,

तुमच्या हेल्प पेजवर लिहिलंय की मराठीत मेल केला तरी चालेल, म्हणून मराठीतच लिहितोय, इंग्रजीत लिहिताना माझा अर्धा मुद्दा राहून जातो. मेल जरा लांब होणारे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण काल माझं तिकीट ज्यांनी बंद केलं त्यांनी पहिल्या दोन ओळींच्या पुढे वाचलं नसावं असं मला वाटतंय.

माझं विट्यात प्रिंटिंगचं दुकान आहे, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलं सगळं. शुक्रवारी १४ नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसातच्या आसपास मी तुमच्या साइटवरून एका डिझायनरचं लग्नपत्रिकांचं बंडल घेतलं, १,४९९ रुपये, यूपीआयने, पैसे लगेच गेले आणि ऑर्डरचा मेलही लगेच आला. त्यात दोन फाइली आहेत. एक फॉन्टची झिप २४० एमबीची, ती पाच-सहा मिनिटांत उतरली आणि व्यवस्थित उघडली. दुसरी टेम्प्लेटची, ३.६ जीबीची, आणि खरं बंडल म्हणजे तीच, तिच्यासाठीच पैसे दिले, आणि ती आज पाचव्या दिवशीही माझ्याकडे नाही. एकच अकाउंट, एकच ऑर्डर, एकच कॉम्प्युटर, लहान फाइल येते आणि मोठी येत नाही, म्हणजे पेमेंट अडकलंय किंवा मी लॉगिन चुकीचं करतोय असला काही प्रकार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

आता काय काय झालं ते सांगतो.

शुक्रवारी रात्री दुकान बंद करायच्या आधी डाउनलोड लावलं आणि बसून राहिलो. २.७ जीबीच्या जवळ गेल्यावर थांबलं. क्रोममध्ये रिझ्यूम दाबलं तर `Failed - Forbidden`. म्हटलं नेट गेलं असेल. शनिवारी सकाळी ऑर्डर पेजवरून परत नवीन सुरू केलं, अर्ध्यावर लाईट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर आहे पण राउटर नाही (ही माझी चूक, मान्य), लाईट यायला दीड तास लागला आणि मग रिझ्यूम केल्यावर परत तेच `Failed - Forbidden`. दुपारी वैतागून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलं, डेटा संपत आला म्हणून मध्येच ब्रॉडबँडवर आलो, तर लगेच बंद. रविवारी एका मित्राने डाउनलोड मॅनेजर वापर म्हणून सांगितलं, त्यात फाइलचे आठ तुकडे करून एकदम ओढतात, तर अर्ध्या मिनिटात ऑर्डर पेजवर लाल अक्षरात `Download limit reached (5/5)`. मी चार वेळा प्रयत्न केला, एकदाही फाइल पूर्ण मिळाली नाही, आणि तुमच्या हिशोबाने माझे पाच डाउनलोड वापरून झाले. हे म्हणजे ताट वाढायच्या आधीच जेवणाचं बिल हातात.

डिझायनरला फोन केला तर तो म्हणतो फाइल मी त्यांच्याकडे अपलोड केलेली आहे, लिंक त्यांची, त्यांना विचारा. माणूस भला आहे, व्हॉट्सॲपवर पाठवून बघतो म्हणाला, पण तिथे २ जीबीच्या वरची फाइल जातच नाही. सोमवारी तुम्हाला मेल केला, तर उत्तर आलं कॅशे क्लिअर करा, इनकॉग्निटोमध्ये उघडा, दुसरा ब्राउझर वापरा, सोबत लिमिट परत शून्य केलंय, आणि तिकीट बंद. लिमिट शून्य केलंत त्याबद्दल खरंच आभार. पण कॅशेचा इथे काय संबंध? तरी केलं, फायरफॉक्स पण टाकला, काही फरक नाही.

मग आज सकाळी माझा भाचा आला होता, तो इंजिनिअरिंगला आहे, त्याला म्हटलं बघ जरा. त्याने जे दाखवलं त्यासाठीच हा मेल लिहितोय. ऑर्डर पेजवर डाउनलोडचं बटण दाबलं की जी लिंक तयार होते तिच्या शेवटी एक आकडा असतो. आज आम्ही ११ वाजून २ मिनिटांनी बटण दाबलं तेव्हा तो असा होता:

```
expires=1763447520
```

हा आकडा म्हणजे १९७० पासूनचे सेकंद असतात म्हणे, आणि त्याचा हिशोब केला की आजची दुपारी १२ वाजून २ मिनिटं ही वेळ येते. म्हणजे लिंक बरोब्बर एक तास जिवंत. त्याच्यानंतर ती लिंक तुमच्याच सर्व्हरला चालत नाही.

आता दुसरी गोष्ट. तुमच्याकडून फाइल येते ती सेकंदाला ७००-७५० केबीच्या स्पीडने. माझं नेट स्लो नाहीये, दुसरीकडून काहीही उतरवलं तर सेकंदाला ४-५ एमबी आरामात मिळतात, आजही मुद्दाम शेजारच्या टॅबमध्ये लावून बघितलं. तर ७५० केबीने एका तासात किती येणार, २.७ जीबी. शुक्रवारी कुठे थांबलं होतं, २.७ जीबीजवळ. आज कुठे थांबलं, २.६८ ला, घड्याळात १२ वाजून २ मिनिटं. मी आणि भाचा दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो होतो, आकडा पुढे सरकायचा थांबला आणि तो म्हणाला "मामा, घड्याळ बघ". पूर्ण फाइलला तुमच्या स्पीडने एक तास वीस मिनिटं लागतात आणि लिंक तुम्ही एक तासाची देता, मग कोणाला मिळणार ही फाइल? स्पीड तुमचाच, तास पण तुमचाच.

भाच्याचं म्हणणं असं की नुसती लिंकची मुदत संपली तर चालू असलेलं डाउनलोड सहसा तुटत नाही, मुदत फक्त सुरुवातीला तपासतात, म्हणजे तासाने कनेक्शन तोडणारं पण तुमच्या बाजूला काहीतरी असणार, आणि ते तुटल्यावर रिझ्यूम करायला गेलं की नवीन रिक्वेस्ट जाते, तिला लिंक संपलेली दिसते, म्हणून 403. हॉटस्पॉटवरून ब्रॉडबँडवर आल्यावर लगेच बंद झालं ते कदाचित आयपी बदलला म्हणून असेल, लिंक एका आयपीला बांधलेली असेल तर तसं होतं म्हणे. हे मला तपासता येत नाही, तुमच्या लॉगमध्ये दिसेल. आज १२:०५ ला त्याने त्याच लिंकने कमांड देऊन उरलेला तुकडा मागितला त्याचं उत्तर हे:

```
HTTP/1.1 403 Forbidden
Content-Type: text/html
Content-Length: 146
```

१४६ बाइट. ३.६ जीबी विकत घेतले आणि हातात १४६ बाइट. तेवढ्याचीच झिप डेस्कटॉपवर सेव्ह झाली, ती नोटपॅडमध्ये उघडली तर आत नुसतं `403 Forbidden` लिहिलेलं, पत्रिका नाही काही नाही. हसू पण आलं आणि रागही आला.

आणि ते पाचचं लिमिट तुम्ही कसं मोजता तेही एकदा बघाच. डाउनलोड मॅनेजरने आठ तुकडे मागितले तर ते बहुतेक आठ डाउनलोड धरले गेले, रिझ्यूम केलं तर ते पण वेगळं धरलं जात असणार. आज सकाळी 0/5 होतं, एकच प्रयत्न केला, आणि आत्ता 3/5 दाखवतंय. आमच्याकडे गावात लाईट जाते, नेट जातं, त्याला इलाज नाही, रिझ्यूम करावंच लागतं. पूर्ण फाइल गेली तरच एक धरा ना.

मला घाई का आहे ते पण सांगतो. एका गिऱ्हाइकाने या बंडलमधलंच एक डिझाइन प्रिव्ह्यूमध्ये बघून पसंत केलंय, ५०० पत्रिका, २,००० रुपये ॲडव्हान्स दिलाय आणि गुरुवारी मला प्रूफ दाखवायचंय. तेच डिझाइन का, तर त्याच्यात खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ची वेगळी चौकट आहे आणि त्यांच्या घरातल्या अकरा चिल्ल्यापिल्ल्यांची नावं त्यात नीट बसतात. आजोबांनी स्वतः येऊन मोजून बघितलं. दुसरं डिझाइन दाखवलं तर म्हणाले नातवंडं कमी करू का मग. आता त्यांना मी सर्व्हर आणि लिंक आणि तास हे काय समजावणार, त्यांच्या लेखी मी पैसे घेतले आणि काम केलं नाही, एवढंच.

तर माझं मागणं साधं आहे. या ऑर्डरसाठी मला निदान २४ तास चालेल अशी लिंक द्या आणि ती एका आयपीला बांधू नका. ते तुमच्या सिस्टीममध्ये बसत नसेल तर त्या झिपचे ५००-५०० एमबीचे तुकडे करून ठेवा, एकेक तुकडा दहा-बारा मिनिटांत उतरेल, तासाचा प्रश्नच येणार नाही. लिमिट परत शून्य करा. आणि जमलं तर फाइलचा नेमका साइज बाइटमध्ये आणि SHA-256 कळवा, म्हणजे उतरल्यावर पूर्ण आलीय की नाही ते आम्ही इथेच तपासू, परत तुम्हाला त्रास नको. यातलं काहीच उद्या बुधवारी संध्याकाळपर्यंत होणार नसेल तर स्पष्ट सांगा आणि १,४९९ परत करा, तुमच्या पेजवर ७ दिवसांत रिफंड असं लिहिलंय, १४ तारखेपासून ते सात दिवस शुक्रवारी संपतात, आणि मी सोमवारीच तक्रार केलेली आहे हे तिकिटावर दिसेल. पण खरं सांगू का, मला पैसे नकोत, फाइल हवीये.

सोबत चार स्क्रीनशॉट जोडलेत, पेमेंटचा, `Failed - Forbidden` चा, 5/5 चा आणि आजचा १२:०२ चा ज्यात कोपऱ्यातलं घड्याळ पण दिसतंय. फोनवर बोलायचं असेल तर अकाउंटला नंबर आहेच, सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानात असतो, मशीन चालू असलं की रिंग ऐकू येत नाही तेव्हा दोनदा करा.

आणि एक विनंती, हे तिकीट मी सांगेपर्यंत बंद करू नका.

संदीप
विटा, जि. सांगली
१८ नोव्हेंबर २०२५

ता. क. मेल पाठवणार तेवढ्यात परत एकदा नवीन लिंक काढून बघितली, आता आकडा 1763460000 आहे, म्हणजे दुपारी साडेतीन. बटण दाबलं अडीचला. परत तोच एक तास.