सूचना: पासवर्ड आणि स्क्रीन लॉकचे नवे नियम, सोमवार ६ जुलै २०२६ पासून

रिसेप्शन, इंजेक्शन रूम, लॅब आणि ओपीडीतल्या सर्वांसाठी,

सोमवारपासून आपल्या दवाखान्यात कॉम्प्युटर वापरण्याची पद्धत बदलते आहे. फक्त नियम लिहून भिंतीवर लावले असते तर दोन दिवसांत सगळे विसरले असते, म्हणून आधी कारण सांगते.

मागच्या महिन्यात एका आजींच्या केसपेपरवरची पेनिसिलिन ॲलर्जीची नोंद पुसली गेली होती. आजींनी स्वतःच "मला त्या इंजेक्शनानं गांधी येतात" असं सिस्टरना सांगितलं, म्हणून वाचलो. नंतर मी आणि सरांनी रेकॉर्ड उघडून पाहिलं. तारीख होती, वेळ होती, पण नाव होतं फक्त "clinic". आपण सगळेच त्या एका नावाने आत जातो, त्यामुळे चूक कुणाकडून आणि कशी झाली हे आजवर कळलेलं नाही. कुणाला धरायचं म्हणून मी हे शोधत नव्हते. चूक कुठे होते ते कळलं असतं, तर ती पुन्हा होऊ नये म्हणून काही करता आलं असतं.

दुसरी गोष्ट रिसेप्शनची. गर्दीच्या वेळी फाइल आणायला आत जावंच लागतं. तेवढ्या दोन मिनिटांत बाकावरच्या एका बाईंनी मान वळवून स्क्रीनवरचा दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट वाचला. फलटणमध्ये प्रत्येकजण कुणाचा तरी पाहुणा असतो. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट त्या पेशंटच्या सासरी पोचली होती. ती मुलगी पुन्हा आपल्याकडे आली नाही. याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

आता नियम.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. "clinic" हे जुनं लॉगिन रविवारी रात्री बंद होईल. कॉम्प्युटरचा आणि पेशंटच्या सॉफ्टवेअरचा असे दोन पासवर्ड प्रत्येकाने स्वतः ठरवायचे, आणि दोन्ही वेगळे ठेवायचे. ते मला, सरांना किंवा शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीलाही सांगायचे नाहीत. "जरा तुझ्या लॉगिनवरून बिल काढ ना" हे सोमवारपासून बंद. तुमच्या नावाने जे लिहिलं जाईल ते तुम्हीच लिहिलेलं असलं पाहिजे.

पासवर्ड लांब हवा. कमीत कमी १४ अक्षरं. त्यात चिन्हं कोंबण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. ते लक्षातही राहतात आणि ओळखायलाही अवघड जातात. उदाहरणार्थ:

```
kandil-pitla-rumal-dongar
```

हाच कुणी वापरू नका, तो आता सगळ्यांनी वाचला आहे. मुलांची नावं, कुलदैवत, गावाचं नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर नको. आपल्याला ओळखणारा माणूस आधी हेच टाकून बघतो. जीमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका. दुसरीकडून तो फुटला तर आपलंही दार उघडतं.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला मी सांगणार नाही. तसं केलं की माणसं `Ganesh@1` नंतर `Ganesh@2` करतात, हे आपण इथेच पाहिलं आहे. कुणी बघितला असा संशय आला, तर मात्र त्याच दिवशी बदला.

पहिला आठवडा कागदावर लिहून ठेवायला हरकत नाही, पण तो कागद स्वतःच्या पर्समध्ये किंवा पाकिटात राहील. कीबोर्डखाली, मॉनिटरच्या कडेला, कॅलेंडरच्या मागे नाही. सध्या चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या शनिवारी मी स्वतः काढणार आहे. पासवर्ड सेव्ह करायचा का असं ब्राउझरने विचारलं, तर "Never" दाबा.

उठलात की लॉक. `Windows` आणि `L` ही दोन बटणं एकदम दाबायची, बस. लॉक केल्याने काहीच बंद होत नाही. अर्धवट लिहिलेली केस, चालू प्रिंट, सगळं तसंच राहतं. आपला पासवर्ड टाकला की पुढे काम सुरू. सिस्टरना खास सांगणं: ग्लोव्ह्ज घालायच्या आधी लॉक करा, म्हणजे नंतर कीबोर्डला हात लावायची वेळ येणार नाही.

विसरलात तर मशीन आपोआप लॉक होईल. रिसेप्शनला २ मिनिटांनी, इंजेक्शन रूम आणि लॅबमध्ये ३, ओपीडीत ५. रिसेप्शनची वेळ सगळ्यात कमी आहे, कारण समोर बाक आहे. तो मॉनिटरही आपण भिंतीकडे वळवतो आहोत. त्रास होईल हे मला माहीत आहे, विशेषतः बाजारच्या दिवशी गर्दीत. तरी ही वेळ वाढवून मागू नका.

दवाखान्याच्या मोबाईलला आणि टॅबला सहा आकडी पिन राहील, रेघांचा पॅटर्न नाही. बोटाचा तेलकट माग काचेवर तसाच दिसतो. रिपोर्टचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढणं पूर्ण बंद. पेशंटला रिपोर्ट पाठवायचा असेल तर दवाखान्याच्या नंबरवरूनच पाठवा, आणि पाठवण्याआधी नंबर पेशंटला वाचून दाखवा.

फोनवर कुणालाही ओटीपी नाही. "सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, ओटीपी सांगा" किंवा "हे ॲप टाका, स्क्रीन आम्ही इथून बघतो" असा फोन आला तर "मॅडमना विचारते" म्हणून ठेवून द्या. तो माणूस खरा असेल तर मला फोन करेल. उद्धटपणा वाटेल याची काळजी करू नका.

इमर्जन्सी. पेशंट गंभीर आहे आणि लॉगिन होत नाही, तर थांबायचं नाही. ओपीडीच्या कपाटात बंद पाकिटात एक राखीव लॉगिन आहे. पाकीट फोडा, शेजारच्या वहीत वेळ आणि सही करा, काम करा. नंतर मी तो पासवर्ड बदलेन. आधी पेशंट, मग वही, हा क्रम कायम लक्षात ठेवा.

पाच वेळा पासवर्ड चुकला की लॉगिन १५ मिनिटं बंद राहील. विसरणं हा गुन्हा नाही, मला किंवा सरांना सांगा, नवा करून देऊ. चुकीच्या लिंकवर क्लिक झालं, कुणाला ओटीपी सांगून बसलात, फोन हरवला, तर त्याच क्षणी सांगा, रात्री अकरा वाजले असले तरी. सांगितल्याबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत, हा माझा शब्द. लपवलं तर मात्र मला काहीच करता येणार नाही.

कायद्याचंही एक सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने घातलं आहे. पण मला त्या दंडापेक्षा बाकावर बसलेल्या माणसाची काळजी जास्त आहे. टीबीची गोळी सुरू आहे हे त्याने घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. आपल्याला सांगितलेलं असतं.

शनिवारी ४ जुलैला दुपारी २ वाजता, ओपीडी संपल्यावर सगळ्यांनी रिसेप्शनला थांबा. नवीन लॉगिन तिथेच तयार करू, प्रत्येकाने दोनदा लॉक करून पुन्हा उघडून बघायचं. मावशींनीही थांबायचं, कारण फरशी पुसताना चालू राहिलेली स्क्रीन सगळ्यात आधी त्यांनाच दिसते. तशी दिसली तर त्यांनी हाक मारायची आहे. चहा आणि वडापाव सरांकडून.

रात्रपाळीच्या सिस्टर रविवारी सकाळी १० ला आल्या तरी चालेल. वाचून झाल्यावर खालच्या कागदावर सही करा.

डॉक्टर मॅडम
बुधवार, १ जुलै २०२६