दोन निळ्या खुणा

"ओंकार, अरे शालू रडतेय!"

आजीने चष्मा सारखा करत ओंकारचाच मोबाइल त्याच्यापुढे धरला. नाशिकच्या धाकट्या बहिणीला तिने लिहिलं होतं, 'पोळी फुटली, सगळं पुरण तव्यावर.' उत्तरात नुसते चेहरे: 😂😂😂

"अगं आजी, ते हसून हसून आलेलं पाणी. रडणारा हा बघ, 😭."

आजीने दोन्ही निरखून पाहिले. सदाशिव पेठेतल्या त्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट काचेवर येत होतं, म्हणून तिने पदर आडवा धरला. "तोंड हसतंय खरं. पण एवढ्याशा चेहऱ्यात माणसाला दिसावं कसं?"

मग खुणांची उजळणी झाली. एक करडी म्हणजे निरोप इथून निघाला, दोन म्हणजे तिच्या फोनवर पोचला, दोन्ही निळ्या झाल्या की तिने वाचला. हे मात्र आजीला फार आवडलं. पोस्टकार्ड पेटीत टाकलं की पोचल्याचं कळायला उत्तराचीच वाट बघावी लागायची.

ती एका बोटाने लिहू लागली. काना सापडेना. ओंकारने दाखवला, दाबला तिनेच. 'शाले, गुडघा कसा आहे? खरं सांग. चेहरे नकोत.'

दोन करड्या खुणा. निळ्या झाल्या. वर 'टाइप करत आहे…' आलं.

"हे काय आता?"

"शालूआजी लिहितेय."

"लिहू दे सावकाश. तोवर फोन मागू नकोस हं."