शलाकाला पत्र: माँट्रियलच्या पहिल्या हिवाळ्याची बॅग

माँट्रियल
२४ नोव्हेंबर

प्रिय शलाका,

तुझी यादी वाचली. दोन जाड जॅकेटं, चार स्वेटर, आईची गोधडी, सहा जीन्स. अगं, यातलं निम्मं सामान वेंगुर्ल्यातच राहू दे. आणि जे खरंच लागणार आहे ते यादीत नाहीच.

आधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. कपडा ऊब देत नाही, तुझ्याच अंगाची ऊब अडवतो. ती अडते कपड्यांच्या मध्ये कोंडलेल्या हवेत. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे चांगले. अंगाला चिकटलेला थर घाम ओढून घेतो, मधला हवा धरून ठेवतो, बाहेरचा वारा आणि पाणी अडवतो. यातला एकही थर सुती नको. सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं, आणि ओला कपडा अंगातली उष्णता भराभर ओढून घेतो. लोकर मात्र ओली झाली तरी बरीच ऊब देते.

दुसरं म्हणजे इथे घरात, वर्गात, मेट्रोत वीस-बावीस अंश असतात. बाहेर उणे पंधरा, आत वीस, आणि दिवसातून आठ वेळा आत-बाहेर. एकच मोठा स्वेटर घातलास तर लायब्ररीत घामाने चिंब होशील आणि तशीच बाहेर पडून कुडकुडशील. पुढे चेन असलेले कपडे घे, डोक्यातून काढायचे नकोत.

आता बॅगेत काय. पुण्यात डेकॅथलॉनमध्ये जा आणि थर्मलचे वरचे दोन, खालचे दोन घे. एक अंगावर, एक धुण्यात. अंगाला घट्ट बसतील असेच घे. सैल थर्मलच्या आतून वारा फिरतो. मेरिनो लोकरीचं परवडलं तर एक तरी घे, चार दिवस घातलं तरी वास येत नाही. पॉलिस्टरचं दुसऱ्याच दिवशी वास मारायला लागतं, पण रात्री धुऊन खुर्चीवर टाकलं की सकाळी कोरडं. (हीटरवर मात्र कधीच टाकू नकोस. इथे बहुतेक घरांत भिंतीच्या पायथ्याशी लांबट विजेचा हीटर असतो, त्याला कपडा टेकला तर पेट घेऊ शकतो.) चेनचे फ्लीस दोन. लोकरीचे मोजे चार जोड. जीन्स एक, फार तर दोन. बर्फात पोटऱ्यांपर्यंत भिजलेली जीन्स वाळता वाळत नाही आणि थंडगार लागते. त्यापेक्षा ट्रेकच्या दोन पँट आण, आत थर्मल घातलं की झालं.

जाड जॅकेट आणि बूट तिकडून घेऊ नकोस. पुण्यात मिळतात ती जॅकेटं बहुतेक मनाली-लेहच्या आठ दिवसांच्या सहलीसाठीची असतात. कंबरेपर्यंत तोकडी, टोपी नावापुरती. इथे बसस्टॉपवर वीस मिनिटं उभं राहायचं असतं, त्यामुळे जॅकेट मांडीपर्यंत हवं, टोपी खोल हवी, मनगटाशी आत विणलेली पट्टी हवी. दुकानात फ्लीस घालूनच मापाचं बघ, आणि हात वर कर; पोट उघडं पडलं तर नको. पिसांचं जॅकेट हलकं आणि उबदार, पण भिजलं की पिसं गोळा होऊन बसतात. माँट्रियलला अधूनमधून पारा शून्याच्या आसपास येऊन ओला बर्फ पडतो, म्हणून वरचं कापड पाणी न झिरपणारं आहे ना ते पाहा. लेबलवर ‘उणे ४० पर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यावर भुलू नकोस. तो आकडा कंपनीने स्वतःच ठरवलेला असतो.

लेबलं फ्रेंचमध्येही असतात, चार शब्द पाठ कर. लेन म्हणजे लोकर, कॉतों म्हणजे सुती, द्युव्हे म्हणजे पिसं, आंपेर्मेआब्ल म्हणजे पाणी न झिरपणारं. आणि किमतीच्या चिठ्ठीवर कर धरलेला नसतो. क्वेबेकमध्ये दोन्ही कर मिळून जवळजवळ १५ टक्के वर चढतात, म्हणजे २०० डॉलरचं जॅकेट २३० ला पडतं. जुनं घ्यायला लाजू नकोस. रनेसाँस आणि व्हिलाज दे व्हालर या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली जॅकेटं मिळतात, फक्त चेन पूर्ण चालवून बघ आणि खिशांची अस्तरं तपास.

बूट मात्र नवेच घे, आणि पैसे वाचवायचे असतील तर जॅकेटमध्ये वाचव, बुटांत नाही. खालचा भाग रबराचा, शिवण पाण्याच्या वर, उंची घोट्याच्या बरीच वर. आतला नमदा काढता येणारा असेल तर उत्तम, रात्री काढून वाळवता येतो. दुकानात जाड मोजे घालून जा. पुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. बूट घट्ट झाला की पायाचं रक्त फिरत नाही आणि कोंडायला हवाही उरत नाही, मग कितीही महाग बूट असो, बोटं बधिर होतात. त्याच कारणाने मोज्यांवर मोजे चढवणं घातक. एकच जाड जोड पुरते.

रस्त्यावर मीठ टाकतात. चौकाच्या कडेला राखाडी चिखलाचं डबकं असतं, वरून घट्ट दिसतं आणि आत पाऊल घोट्यापर्यंत जातं. मिठाचे पांढरे डाग चामडं खातात. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी करून पुसून काढायचे. बूट दाराशीच काढतात, तेव्हा घरात घालायला चप्पल आण, आणि विभागात ठेवायला हलके कापडी बूट. कधी पाऊस पडता पडता जमिनीवर गोठतो. त्याला व्हेर्ग्ला म्हणतात. जानेवारी १९९८ मध्ये त्यानेच इथले विजेचे मनोरे आडवे केले होते. अशा दिवशी बुटांवर चढवायची खिळ्यांची रबरी जाळी लागते. इथे तिला क्राम्पों म्हणतात, तीही इथेच घे. दुकानाच्या फरशीवर मात्र ती काढायची, नाहीतर तिथेच घसरशील.

मग विमानतळावरून घरी काय घालून यायचं? यादीतली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. तू सगळं गरम चेक-इनच्या बॅगेत टाकलंयस. बॅग मागे राहिली तर तू उणे बारामध्ये कुर्त्यावर. हातातल्या बॅगेत एक थर्मल जोड, दोन्ही फ्लीस, लोकरीचे मोजे, टोपी, हातमोजे, आणि आपलं सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचं विंडचीटर ठेव. हो, तेच, फेकू नकोस. दोन फ्लीसवर ते चढवलं की वारा अडतो आणि दोन-तीन दिवस निभतात. पायात ट्रेकचे बूट. थर्मल घालायचं ते शेवटच्या विमानात उतरण्याआधी तासभर. मुंबईपासून घातलंस तर घामाने भिजेल. २७ डिसेंबरला पोचतेस, तेव्हा ३१ च्या आत खरेदी उरक. नाताळानंतर सेल असतात आणि १ जानेवारीला मोठी दुकानं बंद.

टोपी कान झाकणारी हवी. मफलरपेक्षा गळ्यात अडकवायची नळी बरी, मफलर सुटतो आणि बसच्या दारात अडकतो. हातात आधी पातळ हातमोजे, फोन चालवायला, आणि त्यावर चार बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून मिटन पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा गरम. हवामान बघताना वाऱ्यासहचा आकडा बघ. उणे १० आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे उणे २० सारखं लागतं. तो आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा किंवा कान पांढरा पडला, बधिर झाला, तर चोळायचा नाही. आत जाऊन कोमट ऊब द्यायची.

घरातली कोरडी हवा तुला थंडीपेक्षा जास्त छळेल. कोकणातल्या दमट हवेत वाढलेली कातडी आठवड्यात फुटते, नाकातून रक्तही येतं. खोबरेल आण, पण ते इथे दगडासारखं थिजलेलं असेल. बरणी रुंद तोंडाची घे. पेट्रोलियम जेली, लिपबामच्या तीन कांड्या, टाचांसाठी युरियाचं क्रीम. न्हाल्यावर अंग ओलसर असतानाच लावायचं. केस ओले ठेवून बाहेर पडू नकोस, बटा गोठतात.

औषधं नव्वद दिवसांपुरती, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे. तुझा इनहेलर हातातल्या बॅगेत; थंड हवेने श्वास अडतो. दात तिथेच दाखवून घे. चष्म्याची दुसरी जोडी आण.

मिक्सर नको. इथली वीज १२० व्होल्टची, त्यावर आपला मिक्सर चालत नाही. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात, फक्त चपट्या पिनांचे दोन अडॅप्टर घे. तीन लिटरचा कुकर आण, आणि त्याच्या दोन जादा रिंगा व एक व्हॉल्व्ह. त्या कंपनीच्या इथे सापडतीलच असं नाही. डाळ-तांदूळ-हळद आणू नकोस, इथल्या पार्क-एक्स्टेन्शन वस्तीत सगळं मिळतं. मालवणी मसाला, आमसुलं आणि भाजणी तेवढी आण. मसाला दोन पिशव्यांत, चिकटपट्टी मारून. खाण्याचं सगळं कस्टमच्या फॉर्मवर लिही. लिहिलेलं जास्तीत जास्त काढून घेतात, लपवलेल्याचा दंड होतो. मटण-चिकनचं काही नको, ताजी फळं आणि आवारातली रोपं-बियाही नकोत.

परवानगीचं पत्र, क्वेबेक सरकारचं सीएक्यू प्रमाणपत्र, कॉलेजचं पत्र, पैशांचे कागद, सगळं छापून हातात. कॅनडातल्या पहिल्याच विमानतळावर स्टडी परमिट छापून देतात, तिथेच नाव आणि तारखा तपास. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. मोठ्या बॅगा २३ किलोच्या असतील तर २२ वरच थांब, घरचा काटा आणि विमानतळाचा काटा जुळत नाहीत.

गोधडी ठेव. पहिल्या रात्रीपुरती एक चादर आणि शाल पुरे. साडी मात्र एक आण, काळी. १४ जानेवारीला आहेच संक्रांत, आणि आत थर्मल घातलेलं कुणाला दिसत नाही.

पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कळव. टाच भिंतीला टेकवून, संध्याकाळी, जाड मोजे घालून मोज.

तुझी,
मृण्मयी

ता. क. काकूंना सांग, तिळगूळ फॉर्मवर लिहून आणता येतो. वड्या नको, लाडूच दे; वड्यांचा प्रवासात भुगा होतो.