खोडरबर

टेबल दारातून बाहेर निघेना. सागवानी, सहा फूट बाय साडेतीन, आणि दार अडीच फुटी. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. मग सुतार म्हणाला, "हे आतच बांधलंय की ओ बाई, खोलीत बसून. पाय कापल्याशिवाय जायचं नाही."

"मग जाऊ नको दे. वाचनालयाला इथंच राहू दे आणि पायही काप," सुमतीबाई म्हणाल्या. "चार इंच."

तीस इंची टेबलाला पाचवीची पोरं बसली की हनुवटी टेकते. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं काढल्यावर हे मोजून बघावं लागत नाही. सुतारानं चारही पाय जमिनीपासून मोजून कापले आणि टेबल डुगडुगायला लागलं. खानापूरच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी, ती कुठं सपाट असते? एका पायाखाली रबराची चकती ठोकली तेव्हा ते गप्प झालं.

पुस्तकांचं काम मात्र महिना खाऊन गेलं. अण्णांनी आपल्या पुस्तकांची कपाटं पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवली होती, आणि पावसाळ्यात ओल त्याच भिंतीतून येते. मागच्या फळीवर वाळवीचे मातीचे माग निघाले, खालच्या दोन रांगांत कसर. छत्तीस पुस्तकं गेलीच. उरलेली चारशे बारा त्यांनी ओसरीवर सावलीत, वाऱ्याला उभी उघडून ठेवली. उन्हात टाकली तर कागद पिवळा होऊन तुटतो. मऊ ब्रशनं पानं कण्याकडून बाहेर झटकली. सुटलेल्या पुठ्ठ्यांसाठी मैद्याची खळ शिजवली, तीत चिमूटभर मोरचूद. नुसती खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रणच. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं न्हाणीघराच्या वरच्या फळीवर, वेगळं. डांबरगोळ्या त्यांनी आणल्याच नाहीत. पोरं बसणार त्या बंद खोलीत तो वास कशाला?

कपाटं आता भिंतीपासून चार इंच पुढं, खाली विटा. दाखल नोंदवहीत क्रमांक, तारीख, नाव, लेखक, शेरा. मराठीला ८९१.४६, कन्नडला ८९४.८१४ हे ग्रंथालयी वर्गीकरणाचे आकडे बाईंना ठाऊक होते, पण शाळेतल्या पोरांना ते कशाला? लाल पट्टी मराठी, पिवळी कन्नड, झालं.

शेऱ्याच्या रकान्याशी आल्या की त्या अडायच्या. जवळजवळ प्रत्येक मराठी पुस्तकात अण्णांची पेन्सिल होती. भूमापन खात्यात लागले तेव्हा कागद कन्नडमधून यायचे, आणि शिकलेले सगळे मराठीत. मग रात्री वाचताना ते एकेका शब्दावर बारीक कन्नड अक्षरांत त्याचा अर्थ लिहीत. वाळवीवर गेद्दलु. सावलीवर नेरळु. कुठं कुठं प्रश्नचिन्ह.

वाचनालयाचं पुस्तक कोरं असावं, असा बाईंचा शिरस्ता. भिंतीवरच्या नियमांत तिसराच होता: पुस्तकावर काही लिहू नये. त्यांनी मऊ खोडरबर आणलं. मधून कडेकडे, एकाच दिशेनं, कागद हातानं दाबून धरून. दिवसाला दोन पुस्तकं व्हायची. अकरा झाली. बाराव्याच्या मध्यावर जून लागला, शाळा सुरू झाल्या आणि पोरं यायला लागली. चार ते साडेसहा.

गल्लीतली आठवीतली एक मुलगी रोज खिडकीकडेच बसायची. कन्नड माध्यमातली. घरी मराठी बोलते, पण देवनागरी बोट फिरवत वाचते. लाल पट्टीचं पुस्तक हातात धरायची आणि दहा मिनिटांत ठेवून पिवळं घ्यायची. एका सोमवारी मात्र तिनं एक लाल पुस्तक साडेसहापर्यंत सोडलंच नाही.

"बाई, ह्यात कुणी लिहिलंय ओ?"

"का गं?"

"वर कन्नडमध्ये हाय की. अडलं की वर बघायचं. मधनं पुढची पानं झरझर गेली, पण पहिल्या निम्म्यात वर काहीच नाही बगा." तिनं पान उजेडाकडं धरलं. खोडलेल्या जागी कागद थोडा खरखरीत झाला होता, एवढंच. "शब्द कळंना झाले. 'उंबरठा' म्हणजे होस्तिलु न्हवं?"

"होय, तेच."

"मग लिहू का वर?"

बाईंनी भिंतीवरच्या नियमांकडं पाहिलं, मग खणातून पेन्सिल काढली. टोक फार तीक्ष्ण होतं, ते रद्दी कागदावर घासून बोथट केलं.

"दाबायचं नाही. कागद जुना आहे. आणि शब्दाच्या वर लिही, ओळीत शब्दांच्या मध्ये नको."

बाराव्या पुस्तकाचा शेरा त्यांनी त्या रात्री भरला: पेन्सिलीच्या खुणा आहेत, खोडू नयेत. मग नोंदवही उलटी चाळून आधीच्या अकरा क्रमांकांपुढं लिहिलं: खुणा पुन्हा भरणे.