कंदिलाच्या पोटाखाली

संगमेश्वरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एक कौलारू घर होतं. त्या घराच्या पडवीत, खांबाच्या खुंटीला एक कंदील टांगलेला असायचा. हिरवा रंग जागोजागी उडालेला, कडी जराशी वाकलेली. काच मात्र लखलखीत!

कारण रोज दिवेलागणीच्या आधी आजी ती काच काढायची. आत चिमूटभर चुलीतली राख टाकायची, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं गोल गोल पुसायची आणि तोंडाजवळ नेऊन "हाऽऽऽ" करायची. काचेवर धुकं यायचं, की पुन्हा चिंधी. कंदिलाला अशा गुदगुल्या व्हायच्या की रॉकेल टाकीतल्या टाकीत डुचमळायचं.

लाईट गेली की कंदिलाची पाळी. आणि पावसाळ्यात तिथली लाईट जाते म्हणजे जातेच.

हा कंदील भारी चौकस होता. पेटला रे पेटला की ज्योत ताठ करून, काचेला नाक लावल्यासारखा बाहेर बघत बसायचा. मांजर रात्रीचं जातं कुठे? वाऱ्याला पाय असतात का? पागोळ्या खाली पडल्या की पुढे काय करतात? खांबावर एक जाडजूड पाल राहायची. तिला तो सगळं विचारायचा. पाल नुसतं म्हणायची, "च्यक च्यक."

एका रात्री आजीचा चष्मा हरवला. आजीनं कोनाडा पाहिला, उशी उचलून पाहिली, मुक्ताला देवघरात पिटाळलं. कंदील त्या वेळी पाटावर ठेवलेला होता. मुक्ता परत आली, वाकली आणि खुदकन हसली.

"आजी, हा काय! कंदिलाच्या बुडाशीच आहे की."

"घ्या!" आजी म्हणाली. "म्हणतात ना, दिव्याखाली अंधार."

कंदील दचकला. ज्योत एवढी उडाली की भिंतीवरच्या सगळ्या सावल्या एकदम उठून बसल्या.

"माझ्याखाली अंधार? माझ्या? आणि मी तो कधी पाहिला नाही?"

त्या रात्रीपासून दुसरं काही सुचेना. तो ज्योत डावीकडे वाकवायचा, तशी सुपाची सावली उजवीकडे पळायची. उजवीकडे वाकवायचा, तशी सावली डावीकडे. खाली वाकायला जावं तर मध्ये स्वतःचंच पोट! गोल, रॉकेलनं भरलेलं. वाकून वाकून काच काजळली.

"वात तिरकी कापली गेली वाटतं," असं म्हणत आजी चावी फिरवायची, की बिचारा पुन्हा सरळ.

"पालीबाई, तू तरी सांग. माझ्याखाली काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी तुझ्या उजेडात बसते. किडे उजेडात येतात. च्यक च्यक."

मग आली ती रात्र. मृगाला चार दिवस राहिले होते. संध्याकाळपासून गदमदत होतं. एकदम वारा सुटला, माडांनी झावळ्या आपटल्या, लाईट गेली आणि कौलांवर ताडताड पाऊस. आजीनं कंदील लावला, खुंटीला अडकवला आणि घोंगडी ओढून आडवी झाली. मुक्ता शेजारीच होती, पण तिला कुठली झोप?

पाऊस थांबला. पागोळी तेवढी टपकत होती. टप... टप...

(वाचून दाखवताना इथे आवाज अगदी हळू करायचा.)

तेवढ्यात कंदिलाच्या खाली, अगदी खाली, कुणीतरी शिंकलं.

"कोण आहे माझ्या अंधारात?"

"मी काजवा. पंख भिजलेत माझे. बसू का जरा इथे?"

"बस ना! बस! पण मला सांग, तिथे काय काय आहे?"

काजवा इकडे तिकडे फिरला. "गोल आहे. आजीच्या परातीपेक्षा मोठा. जमीन सारवलेली आहे, तिच्यावर बोटांचे ठसे दिसतात. एक मुंगी साखरेचा दाणा ओढतेय, पण दाणा अडकलाय. खांबाला चिकटून एक छोटासा पतंग बसलाय. कुणाला सांगू नकोस, तो पालीला घाबरून आलाय."

कंदिलानं हळूच वर पाहिलं. पाल दुसरीकडेच बघत होती. कंदील काही बोलला नाही.

"आणखी?"

"आणखी मी. इथे मला माझा दिवा दिसतो. तुझ्या उजेडात आलो, की पेटलोय का विझलोय तेच कळत नाही."

"तुझ्याकडेही दिवा आहे? पोटाशी? भाजत नाही?"

"छे! गार असतो माझा उजेड. आम्ही एकमेकांना हाका मारतो त्यानं. ती बघ ना समोरची जांभूळ, सगळे तिथेच आहेत."

कंदिलानं डोळे फाडून पाहिलं. त्याचा उजेड अंगणात उतरला, तुळशीपर्यंत गेला, गडग्यापाशी थांबला. पलीकडे काळं काळं.

"मला काहीच दिसत नाही."

"दिसणार कसं? तू एवढा मोठा पेटलास."

कंदील गप्प झाला. असा गप्प तो कधीच झाला नव्हता. स्वतःची वात त्याला स्वतःला थोडीच फिरवता येते?

मुक्ता उशीवर गाल टेकून बघत होती. त्यांचं बोलणं काही तिला ऐकू आलं नाही. तिला दिसला तो कंदिलाखालचा गोल अंधार आणि त्यात लुकलुकणारा एक हिरवा ठिपका. पेटला, विझला, पेटला. ती उठली. पाट ओढला, त्यावर चढली, चवड्यांवर उभी राहिली आणि दोन बोटांनी चावी फिरवली.

करकर... करकर...

ज्योत बोटाएवढी झाली. मग चवळीएवढी. मग तांदळाच्या कणीएवढी.

(चित्रं काढणाऱ्यांनो, इथे पडदा पुरता काळा होऊ द्या. घाई नको. आधी रातकिडे ऐकू येऊ देत.)

आधी दिसलं आभाळ. ते काळं नव्हतंच, गडद निळं होतं. मग ओली पानं. मग जांभळीच्या एका फांदीवर एक ठिपका. शेजारी दुसरा. मग दहा, मग शंभर, आणि बघता बघता अख्खी जांभूळ शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पेटली! एका दमात विझली. पुन्हा पेटली. जणू झाड श्वास घेत होतं.

तांदळाची कणी काचेआड थरथरली.

"हे सगळं रोज इथेच होतं?"

"पावसाच्या तोंडाला," खालून काजवा म्हणाला. "पंख वाळले माझे. जाऊ?"

"पुन्हा ये. जागा ठेवतो."

हिरवा ठिपका अंधाराच्या गोलातून वर उठला, कंदिलाच्या काचेभोवती एक फेरी मारून अंगणात गेला, गडगा ओलांडला आणि जांभळीतला एक झाला.

"कंदील कुणी बारीक केला गं?" आजी जागी झाली. मुक्तानं नुसतं बोट दाखवलं. आजीनं पाहिलं आणि चष्मा न शोधताच उठून पायरीवर येऊन बसली. मुक्ता तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोजायला लागली. एक, दोन, तीन, सात... सत्तावीस... अठ्ठा...

मोजता मोजता तिला झोप लागली.

आजी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मुंगीचा दाणा एकदाचा सुटला. पतंगानं पंख मिटले. जांभूळ पेटत होती, विझत होती.

"पालीबाई," कंदिलानं अगदी हळू विचारलं, "जांभूळ संपून चांदण्या कुठून सुरू होतात?"

पाल काहीच बोलली नाही. तीही झोपली होती.