वृक्षवलय चर्चासत्र : पाहुण्या व्याख्यात्यांचे स्वागत आणि परिचय

नमस्कार. मागच्या मंडळींनी कृपया पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर या. पहिली रांग कोणासाठीही राखून ठेवलेली नाही.

चर्चासत्राच्या दुसऱ्या सत्रात मी आपल्या सर्वांचं आणि आजच्या व्याख्यात्या डॉ. मृणालिनी केळुसकर यांचं मनापासून स्वागत करतो. मॅडम, आमचं निमंत्रण तुम्ही एका फोनवर स्वीकारलंत, त्याबद्दल विभागातर्फे आभार.

परिचय थोडक्यात करा, अशी मॅडमची सूचना आहे. त्यांनी पाठवलेलं परिचयपत्र दोन पानांचं आहे, त्यामुळे काय गाळायचं हे मलाच ठरवावं लागलं. पदव्या, पुरस्कार आणि समित्यांची यादी कार्यक्रमपत्रिकेत छापली आहे, ती आपण वाचालच. मी एवढंच सांगतो, की वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्या संख्याशास्त्राकडे वळल्या, आणि पुढे पीएच.डी.साठी सागाची वाढवलयं आणि पावसाचं मान यांचा संबंध हा विषय घेतला. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वलयं नीट उमटत नाहीत. साग त्याला अपवाद आहे, आणि म्हणूनच त्याला धरून बसावं लागतं. त्यानंतरची सगळी वर्षं अध्यापन आणि प्रयोगशाळा. त्यांचे विद्यार्थी आज वनखात्यात, हवामानशास्त्रात आणि पुरातत्त्वातही आहेत.

आता ज्या कामासाठी त्यांना मुद्दाम बोलावलं, त्याविषयी. झाडाची वलयं मोजली की वय कळतं, हे आपण शाळेत शिकलो. मोजणं सोपंच आहे. पण एखाद्या कडक दुष्काळात झाड वलय धरतच नाही, तर कधी एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. मग नुसती मोजणी दोन-चार वर्षांनी चुकते आणि पुढचं सगळं गणित घसरतं. यावरचा उपाय म्हणजे अनेक झाडांतल्या अरुंद-रुंद वलयांची लय एकमेकींशी जुळवून पाहणं, म्हणजे क्रॉस-डेटिंग. ही पद्धत रुजवली ए. ई. डग्लस यांनी. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांच्या चक्राची नोंद झाडांत सापडते का, हे बघायला गेले आणि एक नवं शास्त्र उभं करून बसले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात डोकवावं असं मी नेहमी म्हणतो, ते यासाठीच.

एका वर्षाचा नेमकेपणा किती दूर नेतो, याचं एक ताजं उदाहरण. सन 993च्या वलयात सौर वादळामुळे जगभरातल्या झाडांत कार्बन-14 एकाएकी वाढल्याची खूण आहे. न्यूफाउंडलंडमधल्या व्हायकिंग वस्तीत धातूच्या हत्यारांनी तोडलेल्या लाकडांत संशोधकांना ती खूण सापडली. तिथून सालीपर्यंतची वलयं मोजली, तर लाकूड 1021मध्ये तोडलेलं निघालं. हा निष्कर्ष 2021मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षाची चूक झाली असती, तर ‘सुमारे’ लावूनच बोलावं लागलं असतं.

मॅडमचा लौकिकही असाच आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच नमुना दोघे जण स्वतंत्रपणे मोजतात, आणि दोघांचं जुळेपर्यंत तक्त्यात आकडा चढत नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं, “मॅडम रागावत नाहीत, फक्त परत मोजायला सांगतात.” हे ऐकून त्याची दया आली. पण त्याच्या प्रबंधातल्या आकड्यांवर माझा विश्वास आहे.

आज त्या झाड न तोडता काढलेला एक नमुना सोबत घेऊन आल्या आहेत. पोकळ गिरमिटानं खोडातून काढलेली, पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची काडी. लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवून ती पॉलिश पेपरने इतकी घासली आहे, की भिंगाखाली पेशी वेगवेगळ्या दिसतात. व्याख्यानानंतर ती सगळ्यांना बघायला मिळेल. पट्टी कडेने धरा, घासलेल्या बाजूला बोट लावू नका. ओल्या हातांनी तर मुळीच नाही.

मॅडम साधारण पन्नास मिनिटं बोलतील, नंतर वीस मिनिटं प्रश्नांसाठी आहेत. प्रश्न विचारताना प्रश्नच विचारावा, भाषण करू नये; ही विनंती विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा प्राध्यापकांनाच जास्त लागू आहे. मोबाइल सायलेंटवर ठेवा. पडद्यावरच्या आलेखांचे फोटो काढायला मॅडमची हरकत नाही, फक्त अजून प्रसिद्ध न झालेल्या पानांवर लाल चौकट असेल, तेवढी सोडा.

विषय आहे, ‘वलयांतला पाऊस : किती खात्रीनं सांगता येतं?’ डॉ. केळुसकर मॅडम, या. पॉइंटर मेजावर आहे, आणि डावीकडचा माइक चांगला चालतो.